हिरव्या रंगच्छटा, निळ्या-पिवळ्या मिश्रणातील

निळी व पिवळी रंगद्रव्ये निरनिराळ्या जोड्यांनी व प्रमाणांनी एकत्र करून निसर्गचित्रासाठी हिरव्या रंगाच्या अनेक छटा सिद्ध करण्याची पद्धती. बाजारात तयार हिरवे रंग मिळत असले, तरी एकाच तयार हिरव्याने रंगविलेली शेते, झाडे आणि डोंगर एकसुरी दिसतात. कारण प्रत्यक्ष निसर्गात दोन वनस्पतींचा हिरवा रंग सहसा सारखा नसतो आणि एकाच झाडाच्या दोन बाजूंचाही नसतो. दोन निळे व दोन पिवळे असे केवळ चार रंग घेऊन परस्परांपासून स्पष्टपणे वेगळ्या ओळखता येतील अशा पन्नासांहून अधिक हिरव्या छटा मिळविता येतात. त्यासाठी निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो, एवढे जाणणे पुरेसे नसते. कोणत्या निळ्यात कोणता पिवळा मिसळला म्हणजे कोणता हिरवा होतो आणि तो तसाच का होतो, हे कळणे आवश्यक असते. प्रस्तुत नोंदीत जलरंगांचा विचार मुख्यत्वे केला असून त्यातील तत्त्व तैलरंगांनाही लागू पडते.

पूर्वपीठिका : निळ्या-पिवळ्यापासून हिरवा करण्याची प्रथा जुनी आहे. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या चित्रकलाविषयक ग्रंथात नीळ व हरताळ यांच्या मिश्रणापासून होणाऱ्या हिरव्या रंगाची कृती दिली आहे. भारतीय लघुचित्रकारांनीही याच दोन द्रव्यांच्या मिश्रणाचा उपयोग केला. इंग्लंडमध्ये विल्यम हुकर (१७७९–१८३२) या वनस्पतिचित्रकाराने पानांच्या चित्रणासाठी प्रशियन निळा आणि गँबोज हा झाडाच्या चिकापासून होणारा पिवळा रंग यांचे मिश्रण वापरले. ‘हुकर्स ग्रीन’ या नावाचा जो रंग आजही नळ्यांतून विकला जातो, त्याचे मूळ या मिश्रणात आहे. आधुनिक उत्पादनांतील घटक मात्र बहुधा वेगळे असतात. जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) या इंग्रज निसर्गचित्रकाराच्या कुरणांतील हिरव्या रंगाची सरसता त्यात अनेक वेगवेगळ्या हिरव्या छटा असल्यामुळे आहे, असे स्वतः कॉन्स्टेबलचे मत असल्याची नोंद फ्रेंच चित्रकार दलाक्र्वा याने १८४६ मध्ये आपल्या दैनंदिनीत केली आहे. सामान्य निसर्गचित्रकार एकाच छटेचे सपाट लेपन करतात, म्हणून त्यांची हिरवळ निर्जीव दिसते, असा या मताचा रोख आहे.

तत्त्व : रंगद्रव्य स्वतः प्रकाश निर्माण करीत नाही. त्यावर पडलेल्या पांढऱ्या प्रकाशातील काही किरण ते शोषून घेते व उरलेले परत पाठविते. परत आलेल्या किरणांचा एकत्रित परिणाम म्हणजे आपल्याला दिसणारा रंग होय. पिवळे रंगद्रव्य वर्णपटातील जांभळा व निळा हे भाग शोषते आणि हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा हे भाग परत पाठविते. निळे रंगद्रव्य तांबडा, नारिंगी व पिवळा हे भाग शोषते आणि जांभळा, निळा व काही प्रमाणात हिरवा हे भाग परत पाठविते. ही दोन्ही द्रव्ये एकत्र केली असता प्रत्येक जण दुसऱ्याने सोडलेल्या किरणांतील बराचसा भाग शोषून टाकते. दोघांच्याही तावडीतून सुटतो तो केवळ वर्णपटाच्या मध्यभागातील हिरवा पट्टा. म्हणजे हिरवा रंग येथे बेरजेने तयार होत नसून वजाबाकीनंतर शिल्लक राहतो.

ही गोष्ट जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोन हेल्महोल्ट्स याने १८५२ मध्ये स्पष्ट केली. निळा आणि पिवळा हे प्रकाशझोत पांढऱ्या पडद्यावर एकमेकांवर टाकले, तर हिरवा रंग दिसत नाही. योग्य प्रमाण असल्यास पांढरट रंग दिसतो. त्याचप्रमाणे तबकडीचा अर्धा भाग निळा व अर्धा पिवळा रंगवून ती वेगाने फिरविली, तर ती करडी दिसते. यावरून चित्रकाराला एक व्यावहारिक बोध होतो. निळ्या व पिवळ्या रंगांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी दिले आणि चित्र दुरून पाहिले, तर हिरव्याऐवजी मंद करडेपणाच जाणवतो. हिरवा हवा असेल, तर रंगद्रव्यांचे कण एकमेकांत मिसळले पाहिजेत किंवा पारदर्शक थराच्या रूपाने एकावर एक आले पाहिजेत, म्हणजे प्रकाशाला दोहोंमधून जावे लागेल.

वजाबाकीच्या या तत्त्वावरून आणखी दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक म्हणजे मिश्रणाने झालेला हिरवा हा मूळ पिवळ्यापेक्षा नेहमीच गडद असतो आणि सामान्यतः दोन्ही मूळ रंगांपेक्षा कमी तेजस्वी असतो. दुसरी व अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की हिरव्याचा ताजेपणा त्या दोन रंगद्रव्यांपैकी प्रत्येकाकडे हिरव्या किरणांचा साठा किती आहे, यावर अवलंबून असतो. जे निळे रंगद्रव्य हिरवे किरण भरपूर सोडते, त्यापासून टवटवीत हिरवा होतो. जे निळे जांभळ्याकडे झुकलेले असते, ते हिरव्या किरणांचाही पुष्कळ भाग शोषून घेते आणि त्यापासून होणारा हिरवा मंद असतो. पिवळ्याच्या बाबतीतही हाच नियम आहे : लिंबासारखा थंड पिवळा हिरव्याला अनुकूल, तर तांबूस किंवा मातकट पिवळा हिरव्याला दबविणारा असतो. निळ्या-पिवळ्यातील हा झुकाव ओळखणे हे या पद्धतीचे मर्म होय.

चार रंगद्रव्ये : वरील तत्त्वाचा पूर्ण लाभ घेण्यासाठी दोन निळ्यांपैकी एक हिरव्याकडे व एक जांभळ्याकडे झुकलेला आणि दोन पिवळ्यांपैकी एक थंड व एक मातकट असावा लागतो. सहज उपलब्ध असलेल्या रंगांत प्रशियन निळा, अल्ट्रामरीन निळा, लेमन यलो व यलो ऑकर ही चौकडी या गरजेला पुरी पडते.

प्रशियन निळा हा अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिन येथे सापडलेला लोहयुक्त रंग आहे. तो हिरव्याकडे झुकलेला, पारदर्शक आणि अत्यंत प्रभावी आहे. त्याचा एक थेंबही भरपूर पिवळ्याला हिरवा करून टाकतो. त्याच्या जागी १९३५ पासून विक्रीस आलेला थॅलोसायनीन निळा घेतला तरी चालतो. तो याहूनही जोरकस व अधिक टिकाऊ आहे. अल्ट्रामरीन निळा पूर्वी लाजवर्द या मौल्यवान दगडापासून काढीत. १८२० नंतरच्या दशकात तो कृत्रिम रीत्या तयार होऊ लागल्यावर स्वस्त झाला. तो जांभळ्याकडे झुकलेला असून त्याचा प्रभाव सौम्य आहे. जलरंगात त्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून रवाळ पोत निर्माण करतात. लेमन यलो हा थंड व स्वच्छ पिवळा आहे. यलो ऑकर ही लोहयुक्त पिवळी माती असून तिच्यात नारिंगी-तांबड्या किरणांचा अंश बराच असतो. ती काहीशी अपारदर्शक असते.

या चौघांच्या चार जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी म्हणजे हिरव्याचे एकेक कुळ होय. लेमन यलो व प्रशियन निळा यांपासून सर्वांत स्वच्छ व तेजस्वी हिरवे मिळतात. भाताचे पीक, केळीचे नवे पान व पावसाळ्यातील कोवळे गवत यांना ते योग्य ठरतात. लेमन यलो व अल्ट्रामरीन यांपासून किंचित दबलेले, मऊ हिरवे होतात. मध्यम अंतरावरील झाडी त्यांनी रंगवितात. यलो ऑकर व प्रशियन निळा यांपासून खोल, जड हिरवे तयार होतात. आंबा, फणस, वड अशा जून व जाड पानांच्या वृक्षांना ते शोभतात. यलो ऑकर व अल्ट्रामरीन या जोडीत दोन्ही द्रव्ये हिरव्याला प्रतिकूल असल्यामुळे हिरवा जेमतेम उरतो आणि करडसर किंवा सुकलेल्या शेवाळासारख्या छटा मिळतात. नवशिक्या चित्रकाराला ही जोडी निकामी वाटते. परंतु दूरचे डोंगर, वाळू लागलेले गवत आणि सावलीतील कडे तिच्यावाचून साधत नाहीत. चित्रात तांबडा रंग मुळीच नसतानाही हिरव्याला मंद करणारा तांबड्याचा अंश या जोडीच्या अंगीच असतो.

प्रमाण व तक्ता : चारही रंगांची ताकद समान नसल्याने प्रमाण ठरविण्यापूर्वी त्यांची द्रावणे तयार करून घेणे सोयीचे असते. प्रत्येक रंगाचा वाटाण्याएवढा गोळा दोन चहाचे चमचे पाण्यात चांगला कालवून चार लहान वाट्यांत ठेवावा आणि मिश्रणे थेंब मोजून करावीत. मिश्रणाला नेहमी पिवळ्यापासून सुरुवात करतात आणि त्यात निळा थेंबाथेंबाने घालतात. याउलट निळ्यात पिवळा घालीत गेल्यास इच्छित छटा येईपर्यंत पिवळ्याची अर्धी नळी संपते व मिश्रण गरजेच्या अनेक पट साचते. प्रशियन निळ्याच्या बाबतीत हा नियम मोडल्यास हटकून असे घडते.

लेमन यलो व प्रशियन निळा यांचे प्रमाण वीसास एक असताना पोपटीकडे झुकलेला पिवळसर हिरवा, दहास एक असताना भाताच्या रोपासारखा, पाचास एक असताना भर गवताचा आणि दोहोंस एक असताना निळसर गडद हिरवा होतो. समप्रमाणात तो मोरपिशी निळ्याकडे जातो. अल्ट्रामरीन सौम्य असल्यामुळे त्याच्या मिश्रणांची पट्टी निराळी असते : पिवळा व निळा यांचे प्रमाण सहास एक, तीनास एक, दीडास एक, समप्रमाण आणि एकास दोन असे घ्यावे लागते. हे आकडे स्थूल आहेत. निरनिराळ्या उत्पादकांच्या रंगांत रंगद्रव्याचे प्रमाण कमीजास्त असल्याने प्रत्येकाने स्वतःच्या रंगांवरून ते पारखून घ्यावे लागतात.

पारखण्याचा मार्ग म्हणजे तक्ता करणे. चित्रासाठी वापरावयाच्या कागदावरच चार आडव्या ओळी आखून प्रत्येक ओळीत एका जोडीची पाच प्रमाणे पिवळ्याकडून निळ्याकडे लावतात. मग प्रत्येक चौकोनाखाली तेच मिश्रण दुप्पट व चौपट पाणी घालून पुन्हा लावतात. अशा रीतीने चार जोड्या, पाच प्रमाणे व तीन पातळपणे मिळून साठ छटा होतात. प्रत्येकीखाली जोडी व थेंबांची संख्या पेन्सिलीने लिहून ठेवतात. जलरंग वाळल्यावर फिकट होतो; म्हणून तक्त्यावरील छटेची निवड पूर्ण वाळल्यानंतरच करावी लागते. शेजारच्या दोन चौकोनांत फरक दिसत नसेल, तर त्या ठिकाणी प्रमाण पुरेसे बदललेले नाही असे समजावे.

निसर्गातील हिरवा : मिश्रण करण्यापूर्वी समोरचा हिरवा नेमका कोणता आहे, हे ओळखावे लागते. या बाबतीत डोळा सहज फसतो. कारण पान हिरवे असते हे आधीच माहीत असल्याने ते असते त्याहून अधिक हिरवे दिसते. करड्या पुठ्ठ्याला लहान भोक पाडून त्यातून झाडाचा एकेक भाग पाहिला, तर तो भाग परिसरापासून अलग होतो आणि त्याचा खरा रंग कळतो. त्यावरून असे दिसून येते, की आंब्याच्या एकाच फांदीवर तीन प्रकारचे हिरवे असतात. आकाशाकडे तोंड केलेली गुळगुळीत पाने आकाशाचा प्रकाश परावर्तित करीत असल्याने निळसर करडी दिसतात. प्रकाशाच्या आड आलेली पाने पिवळसर हिरवी व उजळ दिसतात. कारण त्यांच्यातून पार आलेला प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आतील सावलीतील पाने मात्र मंद व गडद असतात. अंतरानुसारही फरक पडतो : दूरच्या झाडीवर हवेतील कणांनी विखुरलेला निळसर प्रकाश पसरत असल्याने तिच्यातील पिवळेपणा आधी नाहीसा होतो, मग हिरवेपणा कमी होतो आणि शेवटी निळसर करडा रंग उरतो.

चित्राचे उदाहरण : सह्याद्रीच्या पायथ्याशी श्रावण महिन्यात दिसणारे ढगाळ दुपारचे दृश्य घेता येईल. सर्वांत मागे डोंगराची रांग, तिच्यापुढे झाडीने भरलेला उतार, मध्यभागी भाताची खाचरे, उजवीकडे बांधावर आंब्याचे झाड व त्यामागे बांबूचे बेट अशी त्याची रचना आहे. ढगाळ हवेमुळे सावल्या तीव्र नाहीत. म्हणून दृश्याची खोली बहुतांशी हिरव्याच्या बदलांतूनच दाखवावी लागते.

मागील डोंगरासाठी सहा थेंब अल्ट्रामरीनमध्ये एक थेंब यलो ऑकर घालून मिश्रणात तिप्पट पाणी घालतात. हा रंग नावालाच हिरवा असतो. परंतु पुढील हिरव्यांच्या संगतीत तो दूरच्या रानासारखा दिसतो. तो वाळल्यावर मधल्या उताराला लेमन यलो व अल्ट्रामरीन यांचे समप्रमाणातील मिश्रण दुप्पट पाण्याने पातळ करून देतात. हा थर ओला असतानाच मोकळ्या गवताच्या जागी यलो ऑकरचे एकदोन थेंब सोडले असता रंग आपोआप पसरून झाडी व गवत यांच्या सीमा मऊ होतात.

खाचरांसाठी लेमन यलो व प्रशियन निळा ही जोडी राखून ठेवलेली असते व ती चित्रात इतरत्र शक्यतो वापरीत नाहीत. सर्वांत पुढील खाचरास पंधरास एक, मधल्यास दहास एक आणि मागील खाचरांस सहास एक हे प्रमाण पातळ करून देतात, म्हणजे जमीन मागे सरकत गेल्याचा भास होतो. रोपांच्या ओळींमधून जेथे पाणी चमकते, तेथे कागद कोरा सोडतात. बांधावरील गवत खाचराहून वेगळे दिसावे म्हणून त्याला तीन भाग यलो ऑकर, एक भाग लेमन यलो आणि एक भाग अल्ट्रामरीन असे मातकट मिश्रण देतात. बांबूच्या बेटाला पाच थेंब लेमन यलो, दोन थेंब यलो ऑकर व एक थेंब प्रशियन निळा पुरतो.

आंब्याच्या झाडाचे काम तीन थरांत होते. पहिल्या थरात अल्ट्रामरीन व किंचित यलो ऑकर यांचा अगदी पातळ निळसर करडा रंग सबंध झाडावर देतात; आकाशाचा प्रकाश झेलणाऱ्या पानांच्या जागी तो शेवटपर्यंत तसाच राहू देतात. दुसऱ्या थरात तीन भाग यलो ऑकर व एक भाग प्रशियन निळा हे झाडाचे मुख्य मिश्रण पानांच्या समूहांच्या आकारात लावतात. तिसऱ्या थरात याच मिश्रणात दोन भाग अल्ट्रामरीन घालून व पाणी अगदी कमी ठेवून आतील सावल्या भरतात. सावलीसाठी केवळ प्रशियन निळा वाढविला, तर सावली थंड व झगझगीत होऊन झाडाला भोक पडल्यासारखी दिसते. अल्ट्रामरीनने ती गडद होते, पण मंद राहते. खोडालाही वेगळा रंग लागत नाही. यलो ऑकर व अल्ट्रामरीन यांचे करडसर मिश्रण पावसाने भिजलेल्या, शेवाळलेल्या सालीसाठी पुरेसे ठरते.

या चित्रात चारही कुळे आपापल्या जागी आलेली आहेत. हेच दृश्य केवळ लेमन यलो व प्रशियन निळा यांनी रंगविले, तर पाण्याचे प्रमाण बदलून डोंगर फिकट आणि झाड गडद करता येते. परंतु डोंगर हा फिकट रंगाच्या गवताचा ढीग वाटतो आणि भाताचे तेज झाडाच्या तेजात हरवते. भात उठून दिसतो तो त्याच्याभोवतीचे हिरवे दबलेले असल्यामुळे.

सामान्य दोष : सर्वांत आढळणारा दोष म्हणजे सर्व हिरवे एकाच कुळातील होणे. चित्र काही अंतरावर ठेवून अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी पाहिले असता दोन वेगळ्या वस्तू एकमेकींत मिसळून गेल्यासारख्या वाटल्या, तर हा दोष आहे असे ओळखावे. त्यावर उपाय म्हणून मागील वस्तूवर अल्ट्रामरीनचा पातळ पारदर्शक थर दिल्यास ती मागे हटते. दुसरा दोष गढूळपणाचा. यलो ऑकर अपारदर्शक असल्याने तो वाळलेल्या गडद थरावर पुन्हापुन्हा घासला की खालचा रंग उचलला जाऊन चिखलासारखा डाग पडतो. म्हणून ऑकरयुक्त मिश्रणे एका हातात लावून सोडून द्यावी लागतात. कुंचला धुण्याचे व मिश्रणास घ्यावयाचे पाणी वेगवेगळे ठेवणेही अगत्याचे असते. कुंचल्यात राहिलेला तांबडा रंग लेमन यलोच्या मिश्रणास लगेच मळवितो. तिसरा दोष रंग फुटण्याचा होय. अल्ट्रामरीनचे मिश्रण खूप पातळ असल्यास त्याचे कण खाली बसतात व पिवळा कडेला वाहून जातो. खडकाळ उतारावर हा परिणाम इष्ट असतो, सपाट खाचरात नसतो. तेथे मिश्रण थोडे घट्ट ठेवून लावण्यापूर्वी प्रत्येक वेळी ढवळावे लागते. रंगधानीवर मिश्रण अगदी एकजीव करणेही नेहमीच हितावह नसते. निळ्या-पिवळ्याच्या रेषा किंचित वेगळ्या राहू दिल्यास एकाच फटकाऱ्यात दोन-तीन छटा उतरतात व पानोळा सपाट वाटत नाही.

मर्यादा : या चौकडीने सर्व काही साधत नाही. काही तयार रंगांचा पाचूसारखा झळाळता हिरवा वजाबाकीच्या मिश्रणातून पूर्णपणे मिळत नाही. पोपटाच्या पंखांसारख्या छटांत ही उणीव जाणवते. तांबडे रंगद्रव्य नसल्याने आंब्याची तांबूस कोवळी पालवी, जांभ्या दगडाची माती किंवा काळोखी दाट सावली यांचे यथार्थ रंग करता येत नाहीत. पाऊसकाळातील दृश्य या पद्धतीला म्हणूनच अनुकूल आणि उन्हाळ्यातील प्रतिकूल असते. जांभी जमीन दाखवावयाची असल्यास पाचवा रंग म्हणून तांबडी माती घेतात. तिचा एखादा थेंब तेजस्वी हिरव्यात घातल्यासही तो तत्काळ मंद होतो.

टिकाऊपणा : मिश्रणाने केलेल्या हिरव्याचे आयुष्य त्यातील दुबळ्या घटकाएवढेच असते. सतराव्या-अठराव्या शतकांतील कित्येक डच पुष्पचित्रांत पाने आज निळी दिसतात. यान व्हान हॉयसम याच्या चित्रांत हे विशेष आढळते. चित्रकाराने ती निळी रंगविलेली नव्हती. हिरव्यासाठी वापरलेला वनस्पतिजन्य पिवळा रंग प्रकाशाने उडून गेला आणि खालचा निळा उघडा पडला. गँबोजही प्रकाशात फिका पडतो. त्यामुळे हुकरच्या मूळ मिश्रणालाही हाच धोका होता. याउलट प्रशियन निळा अतिशय पातळ लावल्यास काहीसा फिकट होऊ शकतो व चुन्यासारख्या अल्कधर्मी द्रव्याच्या संपर्काने तपकिरी पडतो; त्यामुळे ओल्या चुन्यावरील भित्तिचित्रात त्याचा उपयोग करीत नाहीत. अल्ट्रामरीन प्रकाशात टिकतो, पण अम्लाने नष्ट होतो. यलो ऑकर या सर्वांत चिवट आहे. लेमन यलो या नावाखाली मात्र निरनिराळे उत्पादक निरनिराळी द्रव्ये विकतात आणि त्यांचा टिकाऊपणा सारखा नसतो. म्हणून नळीवरील टिकाऊपणाची खूण पाहून रंग घ्यावा आणि शंका असल्यास तक्त्याची एक पट्टी अर्धी झाकून उन्हाच्या खिडकीत दोन-तीन महिने ठेवावी. झाकलेला व उघडा भाग यांत फरक पडलेला दिसल्यास, विशेषतः उघडा भाग निळसर झाला असल्यास, तो पिवळा वर्ज्य करावा. कारण त्या पट्टीत जे घडले, तेच पुढे चित्रातील भाताच्या खाचरांतही घडते.